y वेगळा न काढता dy/dx काढणे : आंशिक अवकलजांची रीत

x³ + y³ = 6xy हे समीकरण फळ्यावर लिहून (3, 3) या बिंदूपाशी वक्राच्या स्पर्शिकेचा चढ विचारला, की नव्याने शिकणारे बहुतेक विद्यार्थी आधी y एका बाजूला आणण्याच्या खटपटीला लागतात. y एका पदात घनरूपात आणि दुसऱ्या पदात x शी गुणलेला असल्यामुळे तो सरळ सुटत नाही. घनसमीकरणाच्या सूत्राने तो काढता येतो, पण त्यातून मिळणारी राशी इतकी अवजड असते की तिचे अवकलन करताना चूक होणारच. शिवाय खरी अडचण अवजडपणाची नाही. x = 3 ठेवून पाहा : समीकरण y³ − 18y + 27 = 0 असे होते, त्याचे अवयव (y − 3)(y² + 3y − 9) असे पडतात, आणि y च्या 3, 1.854 व −4.854 (शेवटच्या दोन तीन दशांश स्थळांपर्यंत) अशा तीन किमती मिळतात. x ची किंमत 0 आणि साधारण 3.17 यांच्या दरम्यान असेल, तर दर वेळी अशा तीन किमती मिळतात. म्हणून संपूर्ण वक्रासाठी ‘y बरोबर अमुक’ असे एकच फल लिहिता येत नाही. y इथे x मध्ये दडलेला आहे, आणि अशा फलाला अव्यक्त फल म्हणतात.

या वक्राला देकार्त यांचे पान म्हणतात, कारण पहिल्या चरणात त्याचा एक पानासारखा वेटोळा तयार होतो. रने देकार्त यांनी १६३८ मध्ये याच जातीचा वक्र पिएर द फर्मा यांच्यापुढे ठेवला आणि त्याची स्पर्शिका काढून दाखवण्याचे आव्हान दिले, आणि फर्मा यांनी ती काढून दाखवली. पुढे १६७३ मध्ये लिएजच्या रने-फ्रान्स्वा द स्लूझ यांचा स्पर्शिकेचा एक नियम लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्यात समीकरणातील पदांना x च्या आणि y च्या घातांकांनी वेगवेगळे गुणून उत्तर काढायचे होते. आपण जे सूत्र वापरणार आहोत, ते त्या नियमाचेच आजचे रूप आहे. त्यामुळे हे समीकरण या विषयासाठी मुद्दाम निवडले आहे : सूत्र कुठे चालते, कुठे अडते आणि अडल्यावर काय करायचे, हे तिन्ही त्यात दिसते.

पहिली पायरी : सगळे एका बाजूला

समीकरणातील सर्व पदे डावीकडे आणावीत आणि डाव्या बाजूला F हे नाव द्यावे.

F(x, y) = x³ + y³ − 6xy

आता आपला वक्र म्हणजे F ची किंमत शून्य असलेल्या सर्व बिंदूंचा संच झाला. हे नाव देणे केवळ सोयीचे नाही, त्यामागे दृष्टीचा बदल आहे. F हे दोन चलांचे फल आहे, त्यात x आणि y दोघेही स्वतंत्र आहेत, आणि वक्रावर नसलेल्या बिंदूंपाशीही F ला किंमत असते. y हा x वर अवलंबून असल्याची गोष्ट या पायरीवर पूर्णपणे बाजूला ठेवायची आहे.

दुसरी पायरी : दोन आंशिक अवकलज

F चे x सापेक्ष आंशिक अवकलज काढताना y ला स्थिरांक समजायचे, आणि y सापेक्ष काढताना x ला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्याला ‘डो एफ बाय डो एक्स’ म्हणतात, तेच हे. सोयीसाठी आपण त्यांना F_x आणि F_y असे लिहू.

F_x = 3x² − 6y

F_y = 3y² − 6x

F_x काढताना y³ हे पद पूर्णपणे नाहीसे होते, कारण स्थिरांकाचा घन हाही स्थिरांकच असतो. −6xy मधून −6y उरतो, कारण −6y हा x चा सहगुणक आहे. नवख्यांची सर्वांत जास्त गडबड इथेच होते. बारावीत अव्यक्त फलाचे अवकलन शिकताना y³ चे अवकलज 3y²·(dy/dx) असे लिहिण्याची सवय हाताला लागलेली असते, आणि ती इथेही डोकावते. F_x किंवा F_y मध्ये कुठेही dy/dx आलेला दिसला, तर दोन रीतींची सरमिसळ झाली आहे असे समजावे आणि ती ओळ खोडून पुन्हा लिहावी.

तिसरी पायरी : भागाकार आणि ऋण चिन्ह

dy/dx = −F_x / F_y

आपल्या समीकरणासाठी 3 हा सामाईक अवयव काढून टाकल्यावर पुढील उत्तर मिळते.

dy/dx = (2y − x²) / (y² − 2x)

(3, 3) पाशी अंश 6 − 9 = −3 आणि छेद 9 − 6 = 3, म्हणून चढ −1. या समीकरणात x आणि y यांची अदलाबदल केली तरी ते बदलत नाही, म्हणजे वक्र y = x या रेषेभोवती सममित आहे. त्या रेषेवरच्या बिंदूपाशी स्पर्शिका रेषेला लंब असावी अशी आपली अपेक्षा असते, आणि −1 हा चढ त्या अपेक्षेशी जुळतो.

हे ऋण चिन्ह कुठून आले?

सूत्र पाठ करून गणित सुटते, पण चिन्ह का ऋण आहे हे कळले नसेल तर ते परीक्षेत नेमके निसटते. म्हणून (3, 3) या बिंदूपाशी थोडे थांबू. तिथे F_x = 27 − 18 = 9, आणि F_y सुद्धा 9 आहे.

आता y तसाच ठेवून x ला 3 वरून 3.01 वर नेऊ. F(3.01, 3) ची किंमत कॅल्क्युलेटरवर 0.0909 येते. म्हणजे x मधल्या 0.01 एवढ्या वाढीने F सुमारे 9 × 0.01 ने वाढला आणि आपण वक्रावरून घसरलो, कारण वक्रावर F शून्यच असला पाहिजे. परत वक्रावर यायचे तर F ची ही वाढ y ने भरून काढली पाहिजे. y मधील प्रत्येक एककामागे F सुमारे 9 ने वाढतो, तेव्हा F 0.09 ने कमी करण्यासाठी y सुमारे 0.01 ने कमी झाला पाहिजे. x वाढला तेवढाच y घटला, म्हणून चढ −1. ऋण चिन्ह हे या भरपाईचे चिन्ह आहे : x मुळे F मध्ये जी वाढ झाली, तेवढीच घट y ला करावी लागते. हेच अक्षरांत लिहिले तर असे दिसते.

F_x · dx + F_y · dy = 0

यातून dy/dx वेगळा केला की आपले सूत्र मिळते. छेदात F_y का येतो, F_x का नाही, हेही यातूनच कळते : भरपाई y ने करायची असल्यामुळे भागायचे ते y च्या दराने. हे लक्षात असेल तर अंश आणि छेद यांची अदलाबदल होत नाही.

प्रत्यक्ष वक्रावर x = 3.01 असताना y ची अचूक किंमत 2.98973 येते, म्हणजे y 0.01027 ने घटतो, नेमका 0.01 ने नाही. हा फरक सूत्रातील दोष नाही. वक्र वाकलेला आहे, आणि dy/dx फक्त त्या एका बिंदूपाशी असलेला चढ सांगतो. x = 2.99 घेऊन दुसऱ्या बाजूने पाहिले तर y = 3.00974 मिळतो. या दोन्ही बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ −0.02001 भागिले 0.02, म्हणजे −1.0005 येतो. उत्तराविषयी शंका असेल तेव्हा बिंदूच्या दोन्ही बाजूंना अशी छोटी पावले टाकून पाहणे हा सर्वांत खात्रीचा पडताळा आहे, असे माझे मत आहे.

बारावीच्या रीतीनेही हेच उत्तर येते. दोन्ही बाजूंचे x सापेक्ष अवकलन करून 3x² + 3y²·y′ = 6y + 6x·y′ असे लिहावे आणि y′ असलेली पदे एकत्र करावीत. y′ चा सहगुणक 3y² − 6x असा येतो, म्हणजे तो F_y च आहे, आणि उरलेली पदे −F_x आहेत. गुणाकाराचा नियम आणि पदांची हलवाहलव यांत ज्या चुका होतात, त्या आंशिक अवकलजांच्या रीतीत टळतात, एवढाच दोहोंतला फरक.

चौथी पायरी : बिंदू वक्रावर आहे ना?

उत्तरात x आणि y दोन्ही येतात हे पाहून काही जण बिचकतात आणि y घालवण्याचा प्रयत्न करतात. त्याची गरज नाही आणि ते शक्यही नाही. x = 3 असताना वक्रावर तीन बिंदू आहेत हे आपण पाहिले. त्या तिघांचे चढही वेगवेगळे आहेत : y = 3 पाशी −1, y = 1.854 पाशी सुमारे 2.065, आणि y = −4.854 पाशी सुमारे −1.065. केवळ x सांगून चढ विचारणे हा अपुरा प्रश्न आहे, आणि उत्तरातला y ती अपुरी माहिती पूर्ण करतो.

पण यामुळेच एक धोका निर्माण होतो. छेद शून्य होत नसेल, तर सूत्रात कोणताही बिंदू घातला तरी ते काहीतरी संख्या देतेच. (1, 2) हा बिंदू घालून पाहा : अंश 4 − 1 = 3, छेद 4 − 2 = 2, आणि उत्तर 3/2. संख्या सुबक आहे, शंका यावी असे तिच्यात काहीच नाही. पण F(1, 2) = 1 + 8 − 12 = −3, म्हणजे हा बिंदू आपल्या वक्रावर नाहीच. 3/2 हा चढ x³ + y³ − 6xy = −3 या दुसऱ्याच वक्राचा आहे, कारण त्या वक्राच्या समीकरणातील −3 हा स्थिरांक अवकलनात नाहीसा होतो आणि F_x, F_y तेच राहतात. म्हणून बिंदू आधी मूळ समीकरणात घालून तपासावा आणि मगच सूत्रात घालावा.

सरावासाठी (4/3, 8/3) घ्या. x³ + y³ = 64/27 + 512/27 = 576/27 = 64/3, आणि 6xy = 6 × 32/9 = 64/3, म्हणजे बिंदू वक्रावर आहे. F_x = 16/3 − 16 = −32/3 आणि F_y = 64/3 − 8 = 40/3. भागाकार करून चिन्ह बदलले की dy/dx = 32/40 = 4/5. इथे F_x आधीच ऋण असल्यामुळे दोन ऋण चिन्हे एकमेकांना घालवतात. सूत्राचे ऋण चिन्ह लिहायचे राहून गेले तर उत्तर −4/5 येते आणि स्पर्शिका चढण्याऐवजी उतरते. कागदावर पानाची ढोबळ आकृती काढून हा बिंदू आरंभबिंदूकडून वर जाणाऱ्या डाव्या कडेवर, शिखराच्या आधी येतो हे पाहिले, तर चढ धनच असला पाहिजे हे लगेच कळते.

दुसरे अवकलज काढताना

dy/dx मिळाल्यावर पुढे d²y/dx² विचारला, तर आंशिक अवकलजांची सवय उलटी आड येते. (2y − x²)/(y² − 2x) याचे अवकलन करताना y ला स्थिरांक समजून चालत नाही, कारण आता आपण वक्राच्या वाटेने चाललो आहोत आणि त्या वाटेवर x बदलला की y ही बदलतो. (3, 3) पाशी dy/dx = −1 घेऊन अंशाचा दर 2(−1) − 6 = −8 येतो आणि छेदाचा दर 2·3·(−1) − 2 = −8. भागाकाराच्या नियमाने

d²y/dx² = [(−8)(3) − (−3)(−8)] / 9 = −48/9 = −16/3

y ला स्थिर धरले असते तर हेच उत्तर −8/3, म्हणजे नेमके निम्मे आले असते. कोणते बरोबर, हे मघाच्या किमतींवरून पडताळता येते : 2.98973 + 3.00974 − 2 × 3 = −0.00053, आणि याला 0.01 च्या वर्गाने भागले की सुमारे −5.3 मिळतो. −16/3 म्हणजे −5.33, तेव्हा बरोबर उत्तर कोणते यात शंका उरत नाही.

F_x किंवा F_y शून्य झाला तर

F_x शून्य आणि F_y शून्येतर असेल, तर चढ शून्य होतो आणि स्पर्शिका आडवी असते. आपल्या वक्रासाठी F_x = 0 म्हणजे y = x²/2. हे मूळ समीकरणात घातले तर x³ + x⁶/8 = 3x³, आणि आरंभबिंदू वगळल्यास x³ = 16. म्हणजे x सुमारे 2.52 आणि y सुमारे 3.17. हे पानाचे सर्वांत वरचे टोक. y काढल्याशिवाय y ची वेटोळ्यावरची सर्वांत मोठी किंमत हाती आली, ही या रीतीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

F_y शून्य आणि F_x शून्येतर असेल, तर छेद शून्य होतो, dy/dx ला अर्थ उरत नाही आणि स्पर्शिका उभी असते. सममितीमुळे तो बिंदू (3.17, 2.52) हा, म्हणजे पानाचे सर्वांत उजवे टोक. त्याच्या अगदी जवळ गेले तरी डाव्या बाजूला y च्या दोन किमती आणि उजव्या बाजूला तिथे एकही नाही, त्यामुळे त्या टोकाभोवती y हा x चे फल होऊच शकत नाही. अव्यक्त फलाच्या सिद्धान्तात F_y शून्य नसावा अशी अट असते, तिचे कारण हेच. अट पूर्ण होत असेल आणि F_x, F_y त्या बिंदूभोवती संतत असतील, तर बिंदूच्या आसपास y हे x चे एकच फल असते आणि आपले सूत्र त्याचाच चढ देते. इथे अडल्यास भूमिका बदलून dx/dy = −F_y / F_x काढावा, तो शून्य येतो आणि उभ्या स्पर्शिकेची खात्री पटते.

दोन्ही शून्य झाले तर मात्र सूत्र काहीच सांगत नाही. आरंभबिंदू (0, 0) वक्रावर आहे आणि तिथे F_x = F_y = 0, म्हणजे सूत्र 0/0 देते. याचे उत्तर शून्य किंवा एक असे लिहून टाकणे ही चूक मी अनेक वह्यांमध्ये पाहिली आहे. अशा वेळी समीकरणाकडेच परत जावे. आरंभबिंदूच्या जवळ x आणि y दोन्ही लहान असतात, आणि तिथे समीकरणातील सर्वांत कमी घाताचे पद, म्हणजे −6xy, स्पर्शिका ठरवते. ते शून्य ठेवले की x = 0 किंवा y = 0 मिळते. म्हणजे तिथून वक्राच्या दोन शाखा जातात, एक आडव्या अक्षाला स्पर्श करत आणि दुसरी उभ्या अक्षाला, आणि म्हणूनच एकच चढ सांगणे शक्य नव्हते.

आडव्या शाखेवर y³ नगण्य मानला तर x³ = 6xy, म्हणजे y सुमारे x²/6. x = 0.6 असताना y सुमारे 0.06 येतो, आणि सूत्रात या किमती घातल्या तर (0.12 − 0.36)/(0.0036 − 1.2), म्हणजे चढ सुमारे 0.2. x = 0.06 आणि y = 0.0006 घेतले तर चढ सुमारे 0.02 येतो. आरंभबिंदूपाशी गप्प बसणारे सूत्र त्याच्या शेजारी प्रत्येक बिंदूवर बरोबर चालते, आणि या शाखेने जवळ जावे तसा चढ शून्याकडे जात असल्याचे तेच दाखवते.